बटणांचा डबा आणि सहा मिनिटं

आमच्या शाळेतल्या बाई ३१ मे २०२४ रोजी सेवानिवृत्त झाल्या. जन्मतारीख १ जून. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शिक्षकांची जन्मतारीख हीच सापडेल. त्या काळी आई लेकराचं बोट धरून शाळेत आली, की गुरुजी शाळा उघडायचा महिना बघून तारीख टाकायचे आणि मोकळे व्हायचे. वयाची ५८ वर्षं पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी शिक्षक निवृत्त होतो, पण जन्म एक तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणून हे सगळे एक जूनवाले ३१ मेला, भर उन्हाळी सुट्टीत, कुलूप लावलेल्या शाळेतून निवृत्त होतात. निरोप द्यायला एक लेकरू हजर नसतं. त्यामुळे आम्ही सेवापूर्तीचा कार्यक्रम १ मेला धरला. आधी झेंडावंदन, मग निकाल, आणि पोरं घरी पांगायच्या आत समारंभ.

आमची शाळा बीड जिल्ह्यातली, द्विशिक्षकी. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. २०१८ च्या ऑनलाइन बदल्यांमध्ये मी इथे आलो, तेव्हा बाई आधीपासून होत्या. म्हणजे त्यांच्या ३५ वर्षांच्या नोकरीतली मला माहीत असलेली वर्षं सहा. तरी केंद्रप्रमुख म्हणाले, "सर, सहकारी म्हणून भाषण तुम्हीच करायचं. दहा मिनिटं. आणि मानपत्राचंही तुम्हीच बघा."

मानपत्र सोपं निघालं. तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडे गेलो, त्याने कॉम्प्युटरवर तयार मजकूर उघडला. 'कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, विद्यार्थिप्रिय, ज्ञानदानाचा वसा घेतलेले'. नाव आणि तारीख तेवढी रिकामी. "बाई आहेत ना? मग 'घेतलेले'चं 'घेतलेल्या' करतो," म्हणाला आणि दोन मिनिटांत मोकळा झाला. मी हसलो. घरी येऊन भाषण लिहायला बसलो आणि तासाभराने बघतो तर पानावर तेच सगळं: शिस्तप्रिय, हसतमुख, मायेचा सागर. मागच्या वर्षी केंद्रातले एक गुरुजी निवृत्त झाले होते. बाईंच्या जागी त्यांचं नाव घालून वाचून बघितलं. एक शब्द बदलावा लागला नाही. ते पान फाडलं.

मग लोकांना विचारायला लागलो. पहिले चार दिवस वायाच गेले, कारण मी विचारायचो, "बाई कशा आहेत?" आणि सगळे सांगायचे, "लई चांगल्या." यापुढे गाडी हलायचीच नाही. खिचडी करणाऱ्या मावशींनाही मी तेच विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. मग सहज म्हणालो, "मावशी, बाई डबा कुठं बसून खातात हो? मी कधी त्यांना जेवताना बघितलंच नाही." मावशी म्हणाल्या, "खातेत कुठं? पोरांच्या पंगतीत शेवटी बसतेत, आन् हातात सुई असती. जेवण दोन घासाचं, बाकी येळ शिवण."

मला एकदम तो बटणांचा डबा आठवला. सहा वर्षं रोज बघितलेला, म्हणूनच न दिसलेला.

तेव्हापासून प्रश्न बदलले. बाईंनी तुला कशावरून रागावलं होतं? त्यांच्या पिशवीत काय असायचं? पाऊस आला की त्या काय करायच्या? असं विचारलं की माणूस क्षणभर वर बघतो आणि मग काहीतरी खरं सांगतो. दहा-बारा दिवसांत वहीत वीसेक गोष्टी जमल्या. त्या दिवसांत माझं निवडणुकीचं प्रशिक्षणही चालू होतं. चहाच्या सुट्टीत इतर केंद्रांतले शिक्षक भेटायचे, त्यातले तिघं जण बाईंबरोबर पूर्वी काम केलेले निघाले. त्यांच्याकडून बरंच मिळालं.

पण मिळालेलं सगळं खरं नसतं, हे मला एका फौजदारामुळे कळलं. बाईंची पहिली शाळा इथून २८ किलोमीटरवर. त्या गावातला एक मुलगा पुढे फौजदार झाला आणि 'त्याला बाईंनीच घडवलं' ही गोष्ट मला चौघांनी सांगितली. भाषणाला याहून चांगलं काय हवं? मी ती पहिल्या परिच्छेदात टाकूनही दिली. तरी एका रविवारी मोटारसायकल काढली, तिथल्या मुख्याध्यापकांना आधीच फोन करून ठेवला होता. त्यांनी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढून दिलं. फौजदारांचं नाव सापडलं. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याची तारीख होती जून १९८९. बाई रुजू झाल्या त्या ऑगस्ट १९८९ मध्ये. दोघांची गाठही पडली नसणार. बाईंना हे भाषणात ऐकू आलं असतं तर त्या स्टेजवर काही बोलल्या नसत्या, पण पुढचा एकही शब्द त्यांनी खरा धरला नसता.

रजिस्टरात मात्र दुसरंच काही मिळालं. ऑगस्टनंतरच्या पानांवर बाईंचं अक्षर ओळखू येतं, 'ळ' मोठा आणि खाली ओढलेला. आणि शेऱ्याच्या रकान्यात, जिथे बहुतेक जण 'पालकाच्या विनंतीवरून' लिहून थांबतात, तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं: 'आईबापासोबत ऊसतोडीला. आजी गावात आहे. चैत्रात परत येईल.' असे नऊ शेरे मी मोजले. वय वर्षं २३, नोकरीला तीन महिने झालेले, आणि ही बाई पोरगं शाळेतून गेलं असं लिहायला तयार नव्हती. ते पान मी वहीत उतरवून घेतलं. फोटो काढला नाही, त्यात इतर मुलांची माहिती होती.

आता सगळ्यात अवघड भाग. ज्याला विचारावं तो एक गोष्ट सर्वांत आधी सांगायचा. काही वर्षांपूर्वी बाईंनी सातवीतल्या एका मुलीचं लग्न थांबवलं होतं. हळद लागली होती. बाई संध्याकाळी त्या घरी जाऊन बसल्या आणि रात्री अकरापर्यंत उठल्याच नाहीत. चहा घेतला नाही, भांडण केलं नाही, नुसत्या बसून राहिल्या. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. भाषणाचा कळस इथेच, असं मी ठरवून टाकलं.

बायकोला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "ती मुलगी कार्यक्रमाला येणार?" येणार होती. आणि तिचे वडीलही, कारण धाकटा आमच्याच शाळेत दुसरीला. ऊसतोडीचा हंगाम संपून टोळ्या परत आल्या होत्या, मे महिन्यात अख्खं गाव गावात असतं. म्हणजे मी माइकवरून बाईंची थोरवी सांगणार आणि समोर तो माणूस दोनशे लोकांत खाली मान घालून बसणार. नाव घेतलं नाही तरी काय, गावात कोणाला माहीत नाही? मी ते पान बाजूला काढलं. मन मोडलं, खोटं कशाला सांगू. सगळ्यात जोरदार गोष्ट तीच होती.

बायकोचं दुसरं वाक्य जास्त लागलं. "यात 'मी' किती वेळा आलंय, मोजा." मोजलं. तेवीस. 'मी नवीन होतो', 'मला त्यांनी सांभाळून घेतलं', 'मी त्यांच्याकडून शिकलो'. निरोपाच्या भाषणात हे फार सहज घडतं. आपण दुसऱ्याची आरती ओवाळता ओवाळता ताट स्वतःच्या तोंडासमोर धरतो. खटाखट सगळे खोडले. शेवटी चार ठेवले, जिथे माझी चूक सांगायची होती तिथलेच.

वेळेचा हिशोब असा. मोबाइलवर घड्याळ लावून मोठ्याने वाचलं तेव्हा पहिला मसुदा चौदा मिनिटं भरला. मनात वाचलं तर तोच सात मिनिटांत संपायचा, त्यामुळे मनात वाचून अंदाज घेण्यात अर्थ नाही. दहा मिनिटं दिली असली तरी मी सहाच धरली. कार्यक्रमपत्रिका बघितली की कारण कळतं: प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाच जणांची मनोगतं, मानपत्र, सत्कार, सत्कारमूर्तींचं मनोगत, अध्यक्षीय भाषण, आभार. यात कोणीतरी लांबणार आणि कापाकापी सहकाऱ्यापासून सुरू होणार. लोकसभेची आचारसंहिता होती म्हणून पुढारी मंडळी स्टेजवर नव्हती, हे आमचं नशीब.

म्हणून प्रत्येक आठवण वेगळ्या फुलस्केपवर, एक ओळ सोडून, ठळक अक्षरात लिहिली. एकूण चार पानं. वेळ कमी पडली तर अख्खं पान उचलायचं, वाक्यं गाळत बसायचं नाही. वाचताना वाक्यं गाळायला गेलं की धागा तुटतो आणि ऐकणाऱ्याला ते लगेच समजतं. आधी बटणं, मग माझी चूक, मग लॉकडाऊन, शेवटी रजिस्टर, असा क्रम लावला. सालवार सांगायचं टाळलं. '१९८९ साली त्या रुजू झाल्या' म्हणून सुरुवात केली की लोक पंखा शोधायला लागतात.

१ मेला नऊलाच पत्रे तापले. स्टेजवर गेलो तेव्हा केंद्रप्रमुखांनी हळूच चार बोटं दाखवली. चार मिनिटं. मी लॉकडाऊनचं पान घडी करून खिशात घातलं. व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं सूत्रसंचालकाने दोनदा घेऊन झाली होती, ती तिसऱ्यांदा घेण्यात अर्धा मिनिट गेला असता. "व्यासपीठ, गावकरी आणि लेकरांनो," एवढंच म्हणून सुरू केलं. जे बोललो ते जवळजवळ असं:

"बाईंच्या टेबलावर पत्र्याचा एक गोल डबा असतो. त्यात गणवेशाची बटणं आहेत. पांढरी, निळी, एखादं कोटाचंही. बटण तुटलेलं पोरगं दिसलं की बाई त्याला समोर उभं करतात, सुईत दोरा ओवतात आणि पुस्तक त्याच्या हातात देतात. नियम एकच. बटण लावून होईपर्यंत मोठ्यानं वाचायचं. सुई छातीजवळ असते, त्यामुळे हलायचं नाही. बाई बघतात बटणाकडे, पोराकडे बघतच नाहीत. आणि पुस्तक त्यांना तोंडपाठ आहे, त्यामुळे कुठं अडखळला ते त्यांना न बघता कळतं. वर्गात उठून वाच म्हटलं की ज्याची दातखीळ बसते, ते पोरगं इथं अर्धं पान वाचून जातं, कारण त्याला वाटतं बाईंचं लक्ष शिवणाकडे आहे. दुसरीतल्या कोणाला जोडाक्षर येत नाही, हे आम्हाला चाचणीत कळायचं. बाईंना ते बटणात कळलेलं असायचं."

इथे मुलांच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "बाई, हा मुद्दाम तोडतो!" मांडवात हशा पिकला. मी थांबलो. लिहिलेल्या कागदात ते नव्हतं, पण त्याच्याहून चांगलं माझ्या कागदात काही नव्हतंच.

"दुसरी गोष्ट माझ्या चुकीची. २०१८ ची दिवाळी झाली आणि माझ्या वर्गातली सात पोरं कारखान्याला गेली. मी हजेरीपटावर रेघ ओढली आणि कामाला लागलो. बाईंनी विचारलं, 'सर, तिकडच्या शाळेसाठी हमी कार्ड दिली का?' मी म्हणालो, भरून ठेवलीत, शिक्का मारलाय. त्यांनी कार्ड बघितलं. नाव, इयत्ता, सही. त्या म्हणाल्या, 'हे तिकडच्या गुरुजीनं वाचलं तर त्याला काय कळणार? फक्त की पोरगं आहे. ते तर त्याला समोर दिसतंयच.' मग आम्ही दोघं बसलो आणि एकेका पोराचं लिहिलं. 'हातच्याची वजाबाकी येते, मध्ये शून्य आलं की अडते.' 'वाचतो, पण रागावलं की दोन दिवस बोलत नाही.' मार्चमध्ये एक पोरगी परत आली. कार्डाच्या मागं सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याशा शाळेतल्या शिक्षकाचं अक्षर होतं: 'शून्याची अडचण गेली. आता भागाकार घ्या.' त्या शिक्षकाला आम्ही कधी भेटलो नाही."

तिसऱ्या पानावर माझा आवाज अडकेल हे मला सरावातच कळलं होतं. घरी तीनदा वाचलं, तिन्ही वेळा 'चैत्रात परत येईल' या शब्दांपाशी घसा दाटला. उपाय म्हणून मी ते शब्द वाक्याच्या शेवटी न ठेवता मध्ये आणले होते आणि त्यांच्यानंतर आकडे ठेवले होते, आकडे वाचताना रडू येत नाही म्हणून. उपयोग अर्धाच झाला.

"बाईंच्या पहिल्या शाळेचं रजिस्टर बघून आलो. बाईंनी तिथं ऊसतोडीला गेलेल्या पोरांपुढं लिहिलंय, 'चैत्रात परत येईल', आणि असे नऊ शेरे आहेत. त्या नऊ जणांपैकी सात जणांच्या पुढे त्याच अक्षरात पुन्हा दाखल केल्याची तारीख आहे. दोघांच्या पुढं काही नाही. ती जागा बाईंनी रिकामी ठेवली आहे. रेघ मारलेली नाही."

एवढं बोलून बसलो. शेवटी कविता म्हणायचा बेत होता, शेरही शोधून ठेवला होता. तो म्हणायचं राहिलं असं सांगता येईल, पण खरं म्हणजे आवाजच निघेना. नंतर वाटलं, बरं झालं. पाठोपाठ बोललेल्या दोघांनी मिळून तीन शेर म्हटले आणि दोघांनी 'निवृत्ती म्हणजे पूर्णविराम नव्हे, स्वल्पविराम' हे वाक्य घेतलं.

एक गोष्ट चुकलीच. माइकवाल्याने आवाज इतका वाढवून ठेवला होता की कागद उलटला की स्पीकरमधून वादळ सुटल्यासारखं व्हायचं. कागद माइकच्या खाली धरायचे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि खिशात घातलेल्या लॉकडाऊनच्या पानाची हळहळ अजून आहे. एप्रिल २०२० च्या उत्तरार्धात तोडणी कामगारांना परतायची परवानगी मिळाली, आणि आलेल्या कुटुंबांना गावाबाहेर रानातच थांबायला लावलं. तेव्हा बाई बांधाच्या अलीकडे फळा घेऊन उभ्या राहायच्या आणि पोरं पलीकडून ओरडून उत्तरं द्यायची. ते पान मी नंतर बाईंना नुसतं हातात दिलं.

त्यांनी ते वाचून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "सर, ती लग्नाची गोष्ट घेतली नाही तुम्ही."

"नाही बाई."

"बरं केलं. मागं बसलावता तो. सारखा पाणी प्यायलावता."

३१ मेला बाई चार्ज द्यायला आल्या. शाळा बंद, आम्ही दोघंच. डेडस्टॉक रजिस्टर घेऊन एकेक वस्तू मोजली: कपाटं दोन, वजनकाटा एक, सतरंज्या सहा, त्यातली एक फाटकी. टेबलाशी आलो. बटणांचा डबा तिथेच होता. मी रजिस्टर चाळायला लागलो.

"त्यात नसणार," बाई म्हणाल्या. "तो माझा आहे. राहू द्या इथंच." मग डबा उघडून सुई उजेडात धरली. "सुई तेवढी नवी आणा. ही वाकडी झालीय, पोराला टोचंल."